पूल जरूर बंद करा, पण वळसा आधी स्वतः फिरून या

प्रति,
आमच्या नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद करणारे अधिकारी,
आणि त्या आदेशावर सह्या करणारे सगळे जण.

महोदय,

दिवाळी झाली आणि आपण पूल बंद केलात. बंद केलात याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहनांसकट वाहून गेला, तेव्हापासून आमच्याकडे पावसाळ्यात पुलावर गाडी घालताना कुणीही नदीकडे एकदा बघतोच. आमच्या पुलाचे सांधे उघडे पडले होते, जड गाडी गेली की खालून आवाज यायचा. दुरुस्ती हवीच होती. माझी तक्रार आहे ती पूल बंद झाल्यावर आम्ही कुठून जायचं याचं उत्तर देण्याची तसदी कुणीच घेतली नाही, याबद्दल.

मी दूध वाहतूकदार आहे. नदीच्या अलीकडच्या वाड्यावस्त्यांवरून सकाळ-संध्याकाळ कॅन गोळा करून पलीकडच्या शीतकरण केंद्रावर पोचवतो. गावाचं, नदीचं आणि आपल्या कार्यालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आपण ओळखालच, आणि ज्यांच्या तालुक्यात असाच एखादा पूल बंद आहे त्यांना नावाची गरज पडणार नाही.

पुलाच्या तोंडाशी जो फलक लागला त्यावर एवढंच होतं की काम चालू आहे, पूल वाहतुकीस बंद आहे, वाहनधारकांनी पर्यायी मार्गाचा वापर करावा. पर्यायी मार्ग कोणता, किती लांब, कोणत्या गाडीला चालेल, यातलं काहीही नाही. बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांनी दुसरा कागद आला आणि त्यात एक ओळ वाढली: जड वाहनांनी खालच्या अंगाच्या मोठ्या पुलावरून जावे. हलक्या वाहनांबद्दल तेव्हाही मौनच.

आता प्रत्यक्षात काय आहे ते सांगतो. हे आपल्या फाइलीत असायला हवं होतं, पण नसावं असं दिसतं.

आमच्या इथून नदी ओलांडायला पूल सोडून चार जागा आहेत, आणि चारही जागा प्रत्येक गाडीच्या उपयोगाच्या नाहीत. सगळ्यात जवळचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा संपला की त्यात बर्गे घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याआधी काढून घेतात. वरून जाणारी पट्टी बर्गे हाताळणाऱ्या माणसांसाठी असते. वाहतुकीसाठी ती बांधलेलीच नाही. तरी पूल बंद झाल्यापासून शाळेची मुलं सायकलवर आणि मोठी माणसं दुचाकीवर तिथूनच जातात, कारण अंतर जवळजवळ वाढत नाही. दोन दुचाक्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावं लागतं. कठडा अर्ध्यापर्यंतच आहे. एका बाजूला अडवलेलं पाणी आणि दुसऱ्या बाजूला खडक. इथून कुणी जाऊ नये असं मी म्हणणार नाही, कारण म्हटल्याने कुणी थांबत नाही. पण या बंधाऱ्यावर आता रोज किती माणसं जातात हे आपल्यापैकी कुणी उभं राहून पाहिलेलं नाही.

दुसरी जागा वरच्या अंगाची फरशी, म्हणजे नदीच्या पात्रातूनच जाणारा बुटका फरशी पूल. माझ्या गावापासून शीतकरण केंद्र नेहमीच्या रस्त्याने १४ किलोमीटर, फरशीवरून २३. मोटारी, रिक्षा, माझ्यासारखे पिकअपवाले सगळे इकडूनच जातात. रस्ता एकेरी, पण फरशी स्वतः मजबूत आहे. तिची अडचण पाण्याची. आणि ही अडचण फक्त पावसाळ्यात येते असं समजू नका. उन्हाळी आवर्तन सुटलं आणि खालचे बंधारे भरण्यासाठी पाणी नदीपात्रात सोडलं की भर उन्हात, ढगाचा पत्ता नसताना फरशीवरून पाणी वाहायला लागतं. सोडणाऱ्याला ते माहीत असतं, आजूबाजूच्या शेतकऱ्याला माहीत असतं, परगावच्या ड्रायव्हरला मात्र नसतं.

हे किती महाग पडू शकतं याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली. मोबाइलवरच्या नकाशाने तो रस्ता दाखवला होता. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. महिना जानेवारीचा होता, पावसाचा नव्हता. पूल पाण्याखाली आहे हे स्थानिकांना ठाऊक होतं, गाडीतल्यांना ठाऊक नव्हतं.

तिसरी जागा कॅनॉलच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता. तो पुढे कॅनॉलच्याच जलसेतूवरून नदी ओलांडतो. नकाशात हा रस्ता सरळ, मोकळा आणि मोहात पाडणारा दिसतो. प्रत्यक्षात तो कालव्याच्या तपासणीसाठी ठेवलेला आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पंधरा-वीस फूट खोल शेत. जलसेतूच्या तोंडाशी आडवी लोखंडी साखळी आणि कुलूप. तिथे पोचलेल्या गाडीला वळायला जागा नाही, म्हणजे अंधारात भरावावरून मागे मागे यायचं. भराव ओला असेल तर कडेचा मुरूम चाकाखालून सुटतो. आमच्यातला कुणीही तिकडे गाडी घालत नाही. घालतात ते बाहेरचे, ज्यांना फोन सांगतो की इथून नऊ मिनिटं वाचतील.

चौथी जागा आपण सांगितलेला खालच्या अंगाचा मोठा पूल. राज्यमार्गावरचा, दोन पदरी, भक्कम. त्या पुलावरून शीतकरण केंद्र ५१ किलोमीटर पडतं. जाताना ३७ जास्त, येताना ३७ जास्त. माझी पिकअप भरलेल्या कॅनसकट लिटरला बारा किलोमीटर देते, म्हणजे एका खेपेला सहा लिटरहून थोडं जास्त डिझेल फुकट. नव्वद रुपयांनी धरलं तरी साडेपाचशे रुपये. एका खेपेत ४० लिटरचे २५ कॅन, म्हणजे हजार लिटर दूध. लिटरमागे पंचावन्न पैसे नुसत्या वळशाचे. वाहतुकीचा दर पैशांत ठरतो, रुपयांत नाही, त्यामुळे हे पंचावन्न पैसे कुणाच्या खिशातून जातात यावर गावात रोज वाद आहे.

पैशापेक्षा वेळ वाईट. सकाळी साडेपाचला काढलेलं दूध सातपर्यंत माझ्या गाडीत येतं. ते थंड होईपर्यंत तीन-चार तासांच्या आत काम उरकलं पाहिजे, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. फरशीवरून गेलो तर आठच्या आत केंद्रावर. मोठ्या पुलावरून गेलो आणि वाटेत कुठे अडकलो नाही तर पावणेनऊ. अडकलो तर काही खरं नाही. केंद्रावर थोडं दूध परीक्षानळीत घेऊन उकळतात. फाटलं की त्या कॅनवर खडूने फुली. फुली पडलेला कॅन परत आणून ज्याचा आहे त्याच्या दारात उतरवायचं काम माझं. त्या घरच्या बाईला मी काय सांगू, की तुमची म्हैस चांगली, तुमची भांडी स्वच्छ, दोष वळशाचा?

आणि अडकायला होतंच. त्याचं कारण हा या पत्राचा मुख्य मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण जड वाहनांना सांगितलेल्या रस्त्यावर, मोठ्या पुलाच्या अलीकडे, एक रेल्वे लाइन आहे. पूर्वी तिथे फाटक होतं. ते बंद करून खालून भुयारी मार्ग केला. त्या भुयाराच्या दोन्ही तोंडांना उंचीची लोखंडी कमान आहे आणि कमानीवर ३.६ मीटर असं स्पष्ट लिहिलं आहे. मालवाहू गाडीची उंची नियमाने ४ मीटरपर्यंत चालते. म्हणजे कायद्याने रस्त्यावर यायला पूर्ण योग्य असलेला ट्रक आपण नेमून दिलेल्या रस्त्याने जाऊ शकत नाही. त्यात हा उसाचा हंगाम. ऊस भरलेला ट्रक, कडब्याचा ट्रक, कंटेनर, सगळे त्या कमानीपर्यंत येतात आणि थांबतात. मागे वळायला जागा नाही, मागून दुसऱ्या गाड्या लागलेल्या. मग एक जण खाली उतरून हात करत सगळ्यांना मागे घेतो.

मागे घेतलेले ट्रक कुठे जातात? भुयाराच्या अलीकडच्या फाट्यावरून एका गावात शिरून, गावाच्या मधून, जिथे अजून फाटक आहे तिथे लाइन ओलांडतात. तो गावातला रस्ता पावणेचार मीटर रुंद. ट्रक किंवा बस २.६ मीटरपर्यंत रुंद असते. दोन समोरासमोर आल्या तर ५.२ मीटर लागतात, मध्ये हातभर मोकळी जागा सोडली तर आणखी. म्हणजे एकीला पूर्ण बाजूपट्टीवर उतरावं लागतं, आणि बाजूपट्टी म्हणजे तिथे गटार. शाळा सुटण्याच्या वेळेला तिथे काय होतं हे बघायला या. वेळ संध्याकाळी साडेपाचची.

त्या गावाच्या ओढ्यावर एक जुना साकव आहे. त्यावर कुठलीही वजनमर्यादा लिहिलेली नाही. सहा चाकी ट्रकचं एकूण वजन नियमाने साडेअठरा टनांपर्यंत जातं, दहा चाकीचं साडेअठ्ठावीस. ही वाहतूक त्या साकवाने आजवर पाहिलेली नव्हती. गेल्या महिन्यात त्याच्या एका कडेच्या दगडी भिंतीला तडा दिसू लागला आहे. तडा जुना असेल, मला इंजिनिअरिंगमधलं कळत नाही. पण गावातल्या पोरांनी दोन्ही टोकांवर चुन्याने रेघ ओढून तारीख लिहून ठेवली आहे, आणि तडा रेघेच्या पुढे गेला आहे. एक पूल वाचवताना दुसरा जाऊ नये, एवढंच.

साहेब, भुयार आपल्या अखत्यारीतलं नाही, गावातला रस्ता जिल्हा परिषदेचा, साकव आणखी कुणाचा, फरशीवर पाणी सोडणारे वेगळे, हे सगळं मला समजतं. पण जड वाहनांनी इकडून जावे हे वाक्य आपण लिहिलंत. ते लिहिण्याआधी एखादा ऊस भरलेला ट्रक पुढे घालून मागून आपली जीप घेतली असती, तर अर्ध्या दिवसात हे सगळं दिसलं असतं. नकाशावर दोन गावं रेघेने जोडली की रस्ता तयार होत नाही. रस्त्यावरची सगळ्यात अरुंद, सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात कच्ची जागा कोणती, ते शोधावं लागतं. गाडी तिथून गेली तरच तो पर्यायी मार्ग, बाकी सगळा रस्ता कितीही चकाचक असो.

आता फलकांबद्दल. आपला फलक पुलाच्या तोंडाशी आहे. पण वळायचा फाटा पुलापासून ११ किलोमीटर मागे, बाजाराच्या गावात आहे. जो परगावचा ड्रायव्हर आपला फलक वाचतो, तो ते ११ किलोमीटर येऊन चुकलेला असतो आणि परत ११ जातो. म्हणजे ३७ किलोमीटरचा वळसा त्याला ५९ चा पडतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुलाच्या तोंडाशी वळवायचा असेल तर एक ट्रॉली सोडून, हाताने ढकलून, पुन्हा जोडावी लागते. हे दृश्य तिथला चहावाला रोज बघतो. बाजाराच्या गावातल्या फाट्यावर एक मोठा फलक लागला असता तर यातलं काही झालं नसतं. परतालुक्यातून रुग्ण न्यायला येणाऱ्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर तर फाट्यावर उभा राहून रस्ता विचारत बसू शकत नाही.

पुलावर जे अडथळे ठेवलेत त्यांचंही सांगायला हवं. दोन पत्र्याचे पिंप आणि मध्ये लाल-पांढरी पट्टी. ती पट्टी दुसऱ्याच रात्री तुटली. कामावरची माणसं संध्याकाळी निघून जातात आणि पिंप बाजूला सरकवून दुचाक्या पलीकडे जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून मोटार खाली पडून तीन जण मेले. पुलाचा पुढचा भाग पुरात गेला होता, नकाशात रस्ता चालू दिसत होता, आणि पुलाच्या तोंडाशी गाडी अडवेल असं काही नव्हतं. नुसत्या पाटीने भागत नाही हे आपल्याकडेही दिसलं आहे. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चौघांचा जीव गेला. धोक्याची पाटी तिथे होती. आमच्या पुलावर एका गाळ्याचा सांधा पूर्ण उखडलेला आहे, रात्री तिथे दिवा नाही.

काम कशाचं आहे हेही आपण कुणाला सांगितलं नाही. मला ते कामावरच्या एका मुकादमाकडून कळलं. सांधे बदलायचे आहेत आणि गाळ्यांखालच्या बेअरिंग बदलायच्या आहेत. त्याने सांगितलं ते असं: बेअरिंग बदलताना गाळा जॅक लावून काही मिलिमीटर उचलावा लागतो. सगळे जॅक एकदम आणि सारखे चढले पाहिजेत, नाहीतर गाळ्याला पीळ बसतो. त्या वेळी वर कुणीही नको, पायी माणूससुद्धा नको. हे पटलं. पण सांध्याचं काम अर्ध्या रुंदीत करता येतं, एक बाजू चालू ठेवून. मग ज्या आठवड्यांत फक्त सांध्यांचं काम आहे तेव्हा निदान पायी माणसं, सायकली आणि दुचाकी एका बाजूने का सोडल्या जात नाहीत? त्या सोडल्या तर बंधाऱ्यावरची सगळी गर्दी त्याच दिवशी संपेल. नसेल शक्य तर नाही म्हणा, पण कारण सांगून म्हणा.

कायद्याचं थोडं लिहितो, कारण आपल्याच माणसाने मला विचारलं होतं की तुम्हाला हे सगळं कुठल्या नियमाने कळवायचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ११५ वाचा. रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्थितीमुळे वाहतूक बंद करायची असेल तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते, आणि कलम ११६ प्रमाणे योग्य जागी खुणेचे फलक लावावे लागतात. बंदी एका महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्राची गरज नाही, मात्र स्थानिक पातळीवर प्रसिद्धी द्यावी लागते. आमच्या पुलाचा पहिला कागद एका महिन्याचा होता. तो महिना कधीच उलटला. त्यानंतरचा कागद मी ग्रामपंचायतीत मागितला, तहसीलला मागितला, कुठेच मिळाला नाही. पूल मात्र बंदच आहे. कामाच्या ठिकाणी वाहतूक कशी वळवायची याची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत, आयआरसी एसपी ५५ या क्रमांकाची. आपल्या कपाटात ती नक्की असतील. वाहतूक वळवण्याचा आराखडा कामाआधी करायचा असतो, हे मी सांगायची गरज नाही.

एसटीचाही यात दोष नाही, पण भाडं सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरतं, त्यामुळे गाडी लांबून गेली की टप्पे वाढतात आणि कॉलेजच्या पोरांचं आणि बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचं तिकीट वाढतं. दोन फेऱ्या तर बंदच झाल्या, कारण फरशीवरून बस जात नाही आणि मोठ्या पुलावरून वेळापत्रक बसत नाही.

आपण काही केलं नाही तरी लोक वाट काढतातच. आमच्या ड्रायव्हरांनी ती कशी काढली हे आपल्या माहितीसाठी लिहितो, कारण यातलं बरंचसं आपल्या कार्यालयाला एका दुपारी करता येण्यासारखं आहे. परगावच्या गाडीला रस्ता सांगताना आम्ही फोनमध्ये शेवटचं ठिकाण टाकू देत नाही. आधी मोठ्या पुलाच्या अलीकडच्या गावाचं नाव थांबा म्हणून टाकायला लावतो. मध्ये थांबा टाकला की नकाशा कॅनॉलच्या भरावावर नेत नाही. ओढा किंवा नदी ओलांडायची जागा अनोळखी असेल तर उपग्रहाचं चित्र मोठं करून बघतो. खऱ्या पुलाची सावली पाण्यावर किंवा वाळूवर पडलेली दिसते, फरशीची दिसत नाही, ती पात्राला चिकटलेली असते. सावली नसेल तर पाण्याची चौकशी केल्याशिवाय गाडी घालायची नाही. आणि फरशीवरून पाणी वाहत असेल तर घोट्याएवढंच आहे म्हणून कुणाचं ऐकायचं नाही. फूटभर वाहतं पाणी लहान मोटार उचलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ढकलून नेतं. गढूळ पाण्याखाली फरशीची कड कुठे संपते ते दिसत नाही, आणि आमच्या फरशीच्या कडेचे खांब केव्हाच मोडलेत. पूल बंद असल्याची नोंदही आमच्याच एका पोराने नकाशात पाठवली. ती मान्य व्हायला वेळ लागला, कारण नुकता चालू असलेला रस्ता बंद आहे हे एका माणसाच्या सांगण्यावरून कुणी मानत नाही. आपल्या कार्यालयाकडून पहिल्याच दिवशी कळवलं गेलं असतं तर तो वेळ वाचला असता.

आता मागण्या. फार नाहीत, आणि एकही अशी नाही जिला निविदा काढावी लागेल.

सगळ्यात आधी, वाहतुकीचे तीन भाग करा: पायी आणि दुचाकी, हलकी वाहनं, जड वाहनं. तिघांना तीन वेगळे रस्ते सांगा, गावांची नावं क्रमाने लिहून, जास्तीचे किलोमीटर लिहून, आणि त्या रस्त्यावरची अडचणीची जागा लिहून. जड वाहनांच्या रस्त्यावर भुयार येत असेल तर ३.६ मीटर हा आकडा फाट्यावरच्या फलकावर दिसला पाहिजे, भुयाराच्या तोंडाशी नव्हे. त्याहून उंच गाड्यांसाठी फाटकाचा रस्ता द्यायचा असेल तर त्या साकवाची आधी तपासणी करून वजनमर्यादा जाहीर करा, गावात शाळेच्या वेळेत ट्रक बंद ठेवा, आणि एका गाडीला उभं राहून दुसरीला जाऊ देता येईल अशा जागा मुरूम टाकून करून द्या. एका जागेवरून पुढची जागा दिसली पाहिजे, म्हणजे ड्रायव्हर समोरची गाडी बघून आधीच थांबेल.

फलक बाजाराच्या गावातल्या फाट्यावर आणि मोठ्या पुलाकडच्या फाट्यावर लावा, रात्री गाडीच्या दिव्यात चमकतील असे. कॅनॉलच्या भरावाच्या सुरुवातीला पुढे रस्ता नाही एवढे तीन शब्द मोठ्या अक्षरात लिहा. पुलावर पिंप काढून गाडीला खरंच अडवेल असा अडथळा आणि रात्रभर जळणारा दिवा ठेवा.

बंदीचा चालू आदेश, कामाचे टप्पे आणि पूल कधी उघडणार ती तारीख तिन्ही ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लावा. तारीख पुढे गेली तर गेली, पण नवी लिहा. माझ्यासारख्या माणसाला दूधसंस्थेशी दर बोलायचा असतो, ऊसवाल्याला टोळी ठरवायची असते, कॉलेजच्या मुलीच्या बापाला खोली भाड्याने घ्यायची की नाही ते ठरवायचं असतं. लवकरच उघडेल यावर यातलं काहीही ठरत नाही.

आणि शेवटची मागणी सगळ्यात तातडीची. उन्हाळी आवर्तन सुटायची वेळ जवळ आली आहे. पाणी नदीपात्रात येणार असेल तर आदल्या दिवशी तिन्ही गावांत आणि ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप गटावर कळवण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावाने नेमून द्या, त्याचा नंबर फरशीच्या दोन्ही तोंडांना लिहा. फरशीच्या कडेचे खांब पुन्हा उभे करा आणि त्यांवर पाण्याच्या खुणा रंगवा: फरशीच्या पातळीला पांढरी रेघ, त्याच्यावर अर्ध्या फुटाला लाल, म्हणजे लाल रेघ बुडाली की कुणी कुणाला विचारायचं नाही. खांबांना आणि रंगाला निधी नसेल तर तसं कळवा. सिमेंटचे जुने पाइप आमच्या गावात पडून आहेत आणि रंग आम्ही वर्गणीतून आणू. परवानगी मात्र लेखी द्या, कारण विनापरवाना नदीपात्रात काम केलं म्हणून नोटीस आली तर तिला उत्तर द्यायला आमच्याकडे माणूस नाही.

या पत्राच्या प्रती तिन्ही ग्रामपंचायतींना, तहसील कार्यालयाला आणि वाहतूक शाखेला दिल्या आहेत. रस्ता बघायला यायचं ठरलं तर सकाळी सातच्या आधी या. पिकअपमध्ये पुढे एका माणसाची जागा आहे, आणि फरशीपासून भुयारापर्यंत सगळं दाखवून मी आपल्याला नऊपर्यंत पुलाच्या तोंडाशी सोडीन.

आपला,
एक दूध वाहतूकदार